जिलबीचा फोटो आणि रंगाची डबी

*मी निवृत्त शिक्षिका आहे. 15 ऑगस्टला संध्याकाळी चौकातल्या गाडीवरून अर्धा किलो जिलबी आणली. रंग इतका भडक, की नातीला द्यायचा धीर होईना. जावयाने मोबाइलमध्ये एक अ‍ॅप घालून दिलं आहे, फोटोतल्या रंगावर बोट ठेवलं की त्याचा कोड सांगतं. गाडीवर काढलेल्या फोटोत जिलबीचा कोड #FF8C00 आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरी केलेल्या जिलबीचा आला #D9A441. एवढा फरक म्हणजे रंग कृत्रिम आणि घातक आहे हे उघड नाही का? दोन्ही फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकून सगळ्यांना सावध करावं असं वाटतं. आमचे हे म्हणतात, गरिबाच्या पोटावर पाय आणू नकोस. गाडीवाला बऱ्याच वर्षांच्या ओळखीचा आहे. मी काय करू?*

नमस्कार ताई,

तुम्ही कोड लिहून पाठवलेत हे फार बरं केलंत. "भडक" म्हणजे नेमकं किती, यावर वाद घालत बसायची वेळ आली नाही. त्या कोडपासूनच सुरुवात करू.

कोडमधली पहिली दोन अक्षरं लाल रंगाची, मधली दोन हिरव्याची आणि शेवटची दोन निळ्याची. प्रत्येकाची पट्टी 0 ते 255. तुमचा #FF8C00 उलगडला तर लाल 255, हिरवा 140, निळा 0. म्हणजे लाल पट्टीच्या माथ्याला टेकलेला आहे आणि निळा तळाला. दहा किलोपर्यंतच दाखवणाऱ्या काट्यावर बारा किलोचं पोतं ठेवा की चाळीस किलोचं, काटा दहावरच थांबणार. तुमच्या फोटोचं तेच झालंय. हा आकडा जिलबीतला रंग मोजत नाही, मोबाइलची मोजपट्टी संपली एवढंच सांगतो.

त्यातही निळ्याचं शून्य जास्त महत्त्वाचं. पिवळा रंग पिवळा दिसतो, कारण तो निळा प्रकाश गिळतो. पिवळा-नारिंगी रंग किती घातलाय याचा काही सुगावा फोटोत लागलाच, तर तो निळ्या आकड्यात लागतो. तोच शून्यावर गेला की पुढे चिमूटभर रंग असो नाहीतर मूठभर, फोटो सारखाच येतो. आणि तो शून्यावर जायला रंगच लागतो असंही नाही. संध्याकाळची वेळ, गाडीवरचा पिवळा दिवा. त्या प्रकाशात निळा भाग मुळात कमी. त्यावर पाकाची चकाकी, आणि खाण्याचा पदार्थ समोर दिसला की रंग आपणहून खुलवणारा मोबाइल. घरचा फोटो मात्र सकाळच्या उजेडातला. पुढच्या वेळी जिलबीशेजारी एक कोरा पांढरा कागद ठेवून फोटो काढा आणि बोट आधी कागदावर ठेवा. पांढऱ्या कागदाचे तिन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. निळा बराच खाली आला, तर पिवळेपणाचा मोठा वाटा दिव्याचा आहे.

समजा, सगळं जमवलंत. एकच जागा, एकच उजेड, शेजारी कागद, एकही आकडा माथ्याला किंवा तळाला टेकलेला नाही. तरी तुमचा खरा प्रश्न तसाच राहतो. तुम्हाला जे जाणून घ्यायचंय त्यात तीन वेगळे प्रश्न आहेत: रंग घातलाय का, घातला असेल तर कोणता, आणि किती. फोटो फार तर पहिल्याबद्दल संशय निर्माण करेल. नातीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे दुसरा, आणि तिथे फोटो पूर्ण आंधळा आहे.

आपल्याकडे खाण्यात आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे. पिवळ्या-नारिंगी घरातले त्यातले दोन, टार्ट्राझिन आणि सनसेट यलो. मिठाईत ते चालतात. तयार पदार्थाच्या एका किलोत सगळे मिळून 100 मिलिग्रॅमपर्यंत. म्हणजे "कृत्रिम" आणि "घातक" हे दोन शब्द तुम्ही एका दमात लिहिलेत, ते कायद्याला मान्य नाही. रंगवलेली जिलबी विकणं हा गुन्हा नाही. गुन्हा होतो तो प्रमाण ओलांडलं की, किंवा परवानगी नसलेला रंग वापरला की. त्यातला जुना पापी म्हणजे मेटॅनिल यलो. कापड, कागद, चामडं रंगवायचा रंग. स्वस्त आहे, पाण्यात झटकन विरघळतो, आणि डोळ्याला टार्ट्राझिनसारखाच पिवळा दिसतो. मी अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढली. दोन परीक्षानळ्यांत हे दोन रंग सारख्याच दाटीचे करून ठेवले, तर नुसतं बघून कोणता कोणता हे मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. तुमच्या मोबाइलकडे तर तीनच आकडे आहेत.

यातून एक उलटी गोष्ट निघते. मेटॅनिल यलो अगदी थोडा घातलेली जिलबी फोटोत सोज्वळ, फिकट दिसेल. टार्ट्राझिन मर्यादेत घातलेली जिलबी शेजारी भडक दिसेल. ग्रुपवर फोटो टाकलेत तर लोक दुसरीवाल्याला झोडपतील आणि निर्धास्त होऊन पहिलीकडे वळतील.

आता घरच्या जिलबीशी केलेल्या तुलनेबद्दल. तुमची जिलबी तुपात तळलेली आणि थोडी जास्त खरपूस झाली असणार, असा माझा अंदाज. #D9A441 हा तसाच तपकिरीकडे झुकणारा सोनेरी आहे. पिठात बेसन किती, दही किती आंबट, तळण किती तापलेलं, पाकात केशर की हळदीची चिमूट, एवढ्यावरही रंग बदलतो. बघायचंच असेल तर वरून बघू नका, मोडून बघा. बिनरंगाच्या जिलबीचं वेटोळं कडेला तांबूस आणि आत, पाक निथळल्यावर, मळकट पांढरं असतं. कुठे जास्त तळलेलं, कुठे कमी, असं ठिगळ-ठिगळ. पिठातच रंग कालवला असेल तर तुकडा आतून-बाहेरून एकसारखा पिवळा निघतो. हा पुरावा नव्हे, हळद घातलेलं पीठही आतून पिवळं असतं. पण फोटोपेक्षा ही खूण कितीतरी बोलकी.

सरबताच्या आणि गोळ्याच्या बाटल्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगून टाकते, कारण तशी पत्रंही येतात. तिथे फोटोचं आणखी हसं होतं. प्रकाश जेवढ्या जाड थरातून येतो तेवढा रंग गडद दिसतो. तेच लाल सिरप बाटलीत काळपट, पेल्यात लाल आणि बशीत गुलाबी. फोटो बाटलीचा काढलात की बशीचा, यावर "भेसळ" ठरायला लागली तर कठीण आहे.

मग प्रमाणाचं काय? इथे मला गाडीवाल्याची बाजू थोडी मांडायची आहे आणि थोडी पाडायचीही. किलोला 100 मिलिग्रॅम म्हणजे दहा किलो तयार जिलबीला एक ग्रॅम. एक ग्रॅम रंग म्हणजे किती, हे त्याने कधी तोलून पाहिलेलं नसतं. चमच्याच्या टोकावर घेतो आणि पिठात झटकतो. सपाट चहाचा चमचा भरला तर काही ग्रॅम सहज होतात. म्हणजे मनात काडीचं पाप नसलेला माणूससुद्धा मर्यादेच्या दोन-तीन पट जाऊ शकतो. उपाय साधा आहे, त्याला सांगून बघा. दहा ग्रॅम रंग एकदाच सोनाराच्या किंवा किराणावाल्याच्या बारीक काट्यावर तोलायचा, एक लिटर पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवायची. त्यातलं 100 मिली पाणी म्हणजे एक ग्रॅम रंग, दहा किलो जिलबीची कमाल मर्यादा. जिलबी त्याच्या निम्म्यातही पिवळीजर्द होते. मग चमच्याचा प्रश्नच उरत नाही.

नातीसाठीही हिशोब करून ठेवा. तिचं वजन 20 किलो धरू. सनसेट यलोसाठी रोजची सुरक्षित मर्यादा मानतात ती वजनाच्या किलोमागे 4 मिलिग्रॅम, म्हणजे तिला 80. मर्यादेत रंग घातलेली 100 ग्रॅम जिलबी खाल्ली तर पोटात जातात 10. मर्यादेच्या तिप्पट घातला तरी 30. तेव्हा सणाच्या दिवशी दोन वेटोळी खाल्ली म्हणून घाबरून जायचं कारण नाही; त्या जिलबीतली साखर आणि तळण मला जास्त खटकतं. युरोपात मात्र 2010 पासून हे दोन्ही रंग असलेल्या पदार्थांवर "मुलांच्या चंचलपणावर व लक्ष लागण्यावर परिणाम होऊ शकतो" अशा अर्थाची सूचना छापावी लागते, त्यामुळे रोजच्या रोज रंगीत काहीतरी देणं मी टाळेन. आणि हा सगळा हिशोब परवानगी असलेल्या रंगाचा. मेटॅनिल यलोसाठी "इतका चालेल" असा आकडाच नाही.

म्हणून तुमच्या फ्रीजमध्ये उरलेल्या जिलबीतून रंग कोणता हे थोडंफार हुडकता येतं का ते पाहू. दोन परीक्षा आहेत. पहिली घरी होते, दुसरी घरी करू नका.

घरची परीक्षा लोकरीची. विणकामातली पांढरी शुभ्र, खरी लोकर हवी. अ‍ॅक्रिलिक चालत नाही. वीतभर धागा साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन स्वच्छ खळबळून घ्या. दोन-तीन जिलब्या कुस्करून वाटीभर कोमट पाण्यात अर्धा तास ठेवा, गाळा, वर तरंगणारं तेल टिपकागदाने उचलून घ्या. त्या पिवळ्या पाण्यात दोन चमचे पांढरं व्हिनेगर आणि लोकरीचा धागा घालून मंद आचेवर दहा मिनिटं उकळा. धागा काढून नळाखाली चोळून धुवा. कृत्रिम खाद्यरंग आंबट पाण्यात लोकरीला घट्ट धरतात, धुऊन जात नाहीत. धागा पुन्हा पांढरा झाला तर कृत्रिम रंग नाही, किंवा अगदीच नावाला आहे.

धागा पिवळा राहिला तर लगेच निष्कर्ष काढू नका, कारण हळदही लोकर रंगवते. इथे आपल्या स्वयंपाकघरातलं जुनं रसायनशास्त्र कामाला येतं. पांढऱ्या सदऱ्यावर वरणाचा डाग पडला आणि त्याला साबण लागला की तो लालभडक होतो ना? तसाच धाग्यावर ओला धुण्याचा सोडा चोळा. लालसर-तपकिरी झाला तर हळद. पिवळाच राहिला, किंवा पिवळा रंग सोड्यात उतरायला लागला, तर कृत्रिम रंगाचा संशय बळावतो. प्रयोगशाळेतही सुरुवात अशीच होते: धाग्यावरचा रंग सौम्य अमोनियात उतरवतात, ते पाणी पुन्हा आंबट करून दुसऱ्या कोऱ्या धाग्यावर चढवतात. दुसऱ्यांदा चढला तो कृत्रिम. पण परवानगीचा आणि बिनपरवानगीचा दोन्ही सारखेच चढतात. पुढे कागदावर रंग वेगळे करून, माहितीच्या रंगांशेजारी ठेवून ओळखावे लागतात.

दुसरी परीक्षा खास मेटॅनिल यलोची. जिलबीच्या गाळलेल्या पिवळ्या पाण्यात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब टाकले की मेटॅनिल यलो किरमिजी-गुलाबी होतो. टार्ट्राझिन पिवळाच राहतो. हळदही तीव्र आम्लात लाल होते, पण थोडं पाणी घातलं की तिचा लाल रंग ओसरतो. मेटॅनिलचा टिकतो. तुम्ही शिक्षिका होतात; शाळेतल्या विज्ञानाच्या बाई किंवा सर अजून ओळखीचे असतील तर त्यांच्या प्रयोगशाळेत पाच मिनिटांत होईल. संडास धुण्याचं आम्ल वापरून घरी हा उद्योग करू नका. वाफ घशात जाते, आणि ती बाटली बहुतेकदा स्वतःच रंगवलेली असते. लिंबू पिळूनही काही कळत नाही. मेटॅनिलचा रंग बदलायला जेवढं तीव्र आम्ल लागतं तेवढं लिंबात आणि व्हिनेगरमध्ये नसतं. "लिंबू पिळलं, गुलाबी झालं नाही, म्हणजे शुद्ध" असं सांगणारे बरेच भेटतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करा. आणि आम्लाच्या परीक्षेत गुलाबी झालं नाही, तर एवढंच समजायचं की मेटॅनिल सापडला नाही. बिनपरवानगीचे इतर रंग आहेतच.

पण खरं सांगू का ताई, या सगळ्याच्या आधी तुम्ही एक काम करायला हवं होतं, आणि ओळख असल्यामुळे ते तुम्हालाच सगळ्यात सोपं आहे. गर्दी नसेल अशा वेळी, सकाळी पीठ भिजवायच्या सुमाराला गाडीवर जा आणि विचारा, "दादा, रंग कोणता घालता? डबी दाखवा बरं." फोटो काढायचा तो तिचा. लेबलवर तीन गोष्टी बघा: खाण्याचा रंग असल्याचा स्पष्ट उल्लेख, आत कोणता रंग आहे त्याचं नाव (टार्ट्राझिन, सनसेट यलो असं), आणि 14 आकडी परवाना क्रमांक. बॅच क्रमांक आणि तारीखही असायला हवी. हे सगळं असेल तर "कोणता" या प्रश्नाचं उत्तर बरंचसं मिळालं. उरला "किती", त्यासाठी वरचा बाटलीचा उपाय आहे.

डबीऐवजी कागदाची पुडी निघाली, लेबल नाही, "बाजारातून सुटा आणतो, सगळेच तोच आणतात" असं उत्तर आलं, तर ती खरी धोक्याची खूण. मग जिलबी कितीही फिकट असली तरी मी तिथून घेणार नाही. सुट्या पुडीत काय आहे हे बऱ्याचदा त्यालाही माहीत नसतं. रंगाच्या दुकानात एकाच फळीवर रांगोळीचा आणि खायचा रंग शेजारी शेजारी ठेवलेला मी स्वतः पाहिला आहे. त्याला सांगा, सुटी पुडी टाकून लेबलवाली डबी आणा, दोन आठवड्यांनी मी पुन्हा बघायला येईन. ओळखीच्या माणसाने, चारचौघांत न बोलता सांगितलेलं बहुतेक वेळा ऐकलं जातं. तुमच्या यजमानांची काळजीही इथे मिटते.

नाही ऐकलं तर तक्रार करा, पण ग्रुपवर नको. ग्रुपवरच्या फोटोने काहीही सिद्ध होत नाही, त्याचा धंदा मात्र बसतो, आणि चूक तुमची ठरली तर बदनामीचं प्रकरण अंगावर येऊ शकतं. अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात किंवा फूड सेफ्टी कनेक्ट या पोर्टलवर तक्रार देता येते. जिलबीच्या फोटोऐवजी पुडीचा फोटो, गाडीची नेमकी जागा, दिवस आणि वेळ द्या. अन्नसुरक्षा अधिकारी स्वतः नमुना घेतात, त्याचे चार भाग करून सील करतात, म्हणजे गाडीवाल्यालाही आपला भाग दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासून घ्यायची सोय राहते.

स्वतःच तपासून घ्यायचं असेल तर तोही हक्क तुम्हाला आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 च्या कलम 40 खाली कोणताही ग्राहक फी भरून अन्न विश्लेषकाकडून पदार्थ तपासून घेऊ शकतो. नमुना नियमात बसत नसल्याचं निघालं तर फी परत मिळते. अट एकच आहे, आणि लोक नेमकी तीच विसरतात: विकत घेतानाच विक्रेत्याला सांगावं लागतं, की हे मी तपासणीसाठी घेतेय. त्यामुळे तुमच्या फ्रीजमधली 15 ऑगस्टची जिलबी कायद्याच्या कामाची नाही. लोकरीच्या धाग्यासाठी मात्र ती अजून चालेल. धागा उकळायला रोजचं पातेलं घेऊ नका, जुनं घ्या.